डॅशबोर्डचा आकडा आणि एक्सेल शीटची बेरीज का जुळत नाही?

महिना संपला की विक्रीच्या आढाव्याची मीटिंग होते. पडद्यावर डॅशबोर्ड उघडलेला असतो आणि टेबलावर सेल्स टीमने हाताने भरलेल्या एक्सेल शीटची प्रिंट असते. दोन्हीकडे मथळा एकच, 'मार्चची विक्री', पण आकडे वेगळे. मग विक्री का वाढली, कुठे घटली, यावर बोलणं बाजूलाच राहतं आणि सगळा वेळ एकाच प्रश्नात जातो: यातला खरा आकडा कोणता?

मॅनेजरच्या जागी बसलेल्या माणसाचा हा प्रश्न रास्त आहे. डॅशबोर्डवर पैसे खर्च झालेले असतात, शीट भरणारी माणसं वर्षानुवर्षं विश्वासातली असतात, आणि वरिष्ठांना एकच आकडा कळवायचा असतो. पण 'खरा कोणता' असं विचारलं की दोन्ही बाजू आपापला आकडा धरून बसतात आणि चर्चा तिथेच अडते. त्याऐवजी 'हा फरक कशाकशाचा मिळून झाला आहे?' असं विचारावं. या प्रश्नाला रुपयापर्यंत उत्तर मिळतं. ते कसं काढायचं, हे एका उदाहरणावरून पाहू.

## दोन आकडे तयार कसे होतात

शीट माणूस भरतो. ऑर्डर आली की तो एक ओळ लिहितो: तारीख, डीलरचं नाव, रक्कम. महिनाअखेरीला खाली बेरीज टाकतो. ओळ कधी लिहायची, रक्कम करासकट की कर सोडून, माल परत आला तर जुनी ओळ खोडायची की नवी ओळ टाकायची, हे सगळं तो स्वतः ठरवतो. बहुतेक वेळा हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं.

डॅशबोर्ड स्वतः काहीच नोंदवत नाही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि वेबसाइटवर आधीच झालेल्या नोंदी तो ठरलेल्या वेळी उचलतो, त्यांना काही नियम लावतो आणि बेरीज दाखवतो. या उचलण्याला 'रिफ्रेश' म्हणतात. डॅशबोर्ड दर क्षणाला बदलत असतो असा अनेकांचा समज आहे, तो बरोबर नाही. उदाहरणार्थ, पॉवर बीआय या डॅशबोर्ड बनवायच्या सॉफ्टवेअरच्या प्रो लायसन्सवर डेटा आत ओढून ठेवण्याची पद्धत वापरली, तर दिवसाला जास्तीत जास्त ८ वेळा रिफ्रेश ठरवून ठेवता येतो. म्हणजे सकाळी ११ वाजता दिसणारा आकडा सकाळी ८ चा असू शकतो. मीटिंगच्या आधी तासभर शीटमध्ये चार ओळी वाढल्या असतील, तर फरकाची सुरुवात तिथेच झालेली असते.

नियमही डॅशबोर्ड स्वतः बनवत नाही. कधीतरी कुणीतरी ते लिहून दिलेले असतात: बिलाच्या तारखेप्रमाणे मोजा, जीएसटी वगळा, क्रेडिट नोट वजा करा. त्यानंतर ते रोज निमूटपणे लागू होत राहतात, आणि ते लिहिताना मॅनेजर खोलीत होते की नाही हे डॅशबोर्डवर दिसत नाही.

दोन ठिकाणी एकाच व्यवहाराची नोंद, आणि तरी शिल्लक वेगळी, हे आपल्याला नवं नाही. आपल्या वहीतली शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक क्वचितच एक असते. आपण दिलेला चेक अजून वटलेला नसतो, बँकेने कापलेलं शुल्क आपल्या वहीत नसतं. म्हणून कुणी बँकेशी भांडत नाही आणि वहीही फेकून देत नाही. अकाउंटंट एक जुळवणी पत्रक करतो, त्यात फरकाची एकेक रक्कम कारणासकट लिहितो आणि एका शिल्लकेवरून दुसऱ्या शिल्लकेपर्यंत पोचतो. डॅशबोर्ड आणि शीटचंही नेमकं हेच करायचं असतं.

## मार्चचं उदाहरण

समजा, मिक्सर आणि त्यांचे सुटे भाग विकणारी पुण्यातली एक कंपनी आहे. तिचा माल डीलरमार्फत जातो आणि थोडा स्वतःच्या वेबसाइटवरूनही. मार्च २०२५ साठी सेल्स टीमची शीट २४,८६,५०० रुपये दाखवते. डॅशबोर्डवर २२,९४,५०० आहेत. फरक १,९२,००० रुपयांचा. (कंपनी आणि आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण पुढे येणारं प्रत्येक कारण अशा जुळवणीत हमखास भेटणारं आहे.)

आता हा पावणेदोन लाखांहून मोठा फरक एकेक करून सोडवू.

## तारीख कोणती धरली?

सगळ्यात मोठा वाटा बहुतेक वेळा तारखेचाच निघतो. म्हणून मी तरी नेहमी इथूनच सुरुवात करते.

एकाच विक्रीला किमान चार तारखा असतात: ऑर्डर आली ती, बिल झालं ती, माल पोचला ती आणि पैसे जमा झाले ती. सेल्सच्या माणसासाठी ऑर्डर मिळाली की विक्री झाली, कारण त्याचं काम तिथे पूर्ण झालं. अकाउंट्ससाठी बिल झालं की विक्री झाली. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. महिन्याच्या मधल्या दिवसांत हा फरक जाणवतच नाही, कारण १० तारखेची ऑर्डर आणि १२ तारखेचं बिल दोन्ही एकाच महिन्यात येतात. गडबड होते ती महिन्याच्या दोन टोकांना.

आपल्या कंपनीत ३० आणि ३१ मार्चला आलेल्या १,८४,००० रुपयांच्या ऑर्डरींची बिलं एप्रिलमध्ये झाली. शीटमध्ये त्या मार्चच्या ओळींत आहेत, डॅशबोर्डमध्ये नाहीत. उलट बाजूला, फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसांत आलेल्या ६२,००० रुपयांच्या ऑर्डरींची बिलं मार्चमध्ये झाली. त्या डॅशबोर्डच्या मार्चमध्ये आहेत, पण शीटने त्या फेब्रुवारीतच मोजल्या. मार्चअखेर टार्गेट गाठायची घाई असते, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांत ऑर्डरींचा ढीग पडतो आणि हा फरक इतर महिन्यांपेक्षा मोठा दिसतो. दर महिन्याला पाच-दहा हजारांनी चुकणारा आकडा मार्चमध्ये एकदम लाखाने चुकला, तर संशय आधी इथे घ्यावा.

## रक्कम करासकट की कर सोडून?

दुसरं कारण साधं आहे, पण ते शाखेगणिक बदलतं म्हणून सापडायला वेळ लागतो. मिक्सरवर १८ टक्के जीएसटी आहे. पुण्यातला माणूस शीटमध्ये कर सोडून रक्कम लिहितो. कोल्हापूरचा माणूस बिलावरची तळाची रक्कम लिहितो, ज्यात कर धरलेला असतो. कोल्हापूरच्या ओळींची बेरीज ५,९०,००० आहे. त्यातली मूळ किंमत ५,००,००० आणि कर ९०,०००. डॅशबोर्ड सगळीकडे कर सोडूनच मोजतो. म्हणजे शीटमध्ये ९०,००० रुपये असे आहेत, जे कंपनीची विक्री नाहीतच. ते सरकारकडे भरायचे आहेत.

हे ओळखायची एक सोपी खूण आहे. दोन्हीकडचे आकडे शाखेनुसार समोरासमोर ठेवा आणि शीटच्या आकड्याला डॅशबोर्डच्या आकड्याने भागा. एखाद्या शाखेचं उत्तर १.१८ च्या आसपास आलं, तर तिथे कर मिसळलेला आहे हे जवळजवळ नक्की.

## परत आलेला माल

मार्चमध्ये डीलरनी ४७,५०० रुपयांचा माल परत केला आणि त्याच्या क्रेडिट नोट निघाल्या. क्रेडिट नोट म्हणजे 'तुमच्या नावावर टाकलेली एवढी रक्कम आम्ही कमी केली' असं लेखी कबूल करणारा कागद. डॅशबोर्डने ती रक्कम वजा केली. शीटमध्ये परतीसाठी रकानाच नव्हता, त्यामुळे तिथे विक्री तशीच राहिली.

इथे एक बारकावा आहे. मार्चमध्ये विकलेला मिक्सर एप्रिलमध्ये परत आला, तर तो कोणत्या महिन्यातून वजा करायचा? जीएसटीच्या कायद्यात क्रेडिट नोट ज्या महिन्यात काढली, त्या महिन्याच्या विवरणपत्रात दाखवायची असते. म्हणून बऱ्याच कंपन्या ती एप्रिलमधूनच वजा करतात. पण 'मार्चमध्ये विकलेल्यापैकी किती टिकलं?' हे मालाच्या दर्जासाठी जाणून घ्यायचं असेल, तर तोच परत आलेला माल मार्चच्या खात्यात धरावा लागतो. दोन्ही मोजण्या वैध आहेत. मात्र एकाच नावाखाली दोन्ही दाखवल्या की गोंधळ होणारच.

## शीट स्वतःच कुठे चुकते

आतापर्यंतचे फरक व्याख्येचे होते. त्यात चूक कुणाचीच नव्हती, मोजण्याची रीत वेगळी होती. पुढचे फरक मात्र सरळसरळ चुका आहेत, आणि त्यांचा पहिला नंबर शीटचा.

कुणीतरी डीलरच्या पीडीएफमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमधून रक्कम कॉपी करून शीटमध्ये चिकटवतो. डोळ्याला ती १२,४०० च दिसते. पण आकड्याच्या मागे एक न दिसणारी मोकळी जागा चिकटून आलेली असते आणि एक्सेल तिला आकडा न मानता मजकूर मानतं. SUM हे सूत्र अशा मजकुराला मुकाट्याने वगळतं. लाल रंग नाही, सूचना नाही, बेरीज तेवढीच कमी. आपल्या शीटमध्ये अशा तीन ओळी होत्या आणि त्यांची रक्कम ३८,६०० रुपये होती. हे पैसे डॅशबोर्डमध्ये होते, शीटमध्ये डोळ्यांसमोर असूनही मोजले गेले नव्हते.

तपासायला एक सूत्र पुरतं. रकमा C रकान्यात दुसऱ्या ओळीपासून पाचशेव्या ओळीपर्यंत असतील तर कोणत्याही रिकाम्या चौकटीत हे टाका:

```
=SUMPRODUCT(--ISTEXT(C2:C500))
```

उत्तर ० आलं तर या बाबतीत शीट निर्दोष. ३ आलं तर तीन रकमा मजकूर होऊन बसल्या आहेत. सूत्र न टाकताही एक खूण दिसते: रकान्याला मुद्दाम डावी-उजवी बाजू ठरवून दिलेली नसेल, तर आकडे चौकटीच्या उजव्या कडेला आणि मजकूर डाव्या कडेला टेकतो. एखादी रक्कम एकटीच डावीकडे सरकलेली दिसली की ती तपासावी.

याच जातीची दुसरी चूक फिल्टरची. शीटवर फक्त नाशिकचा फिल्टर लावला तरी SUM लपलेल्या ओळींसकट पूर्ण बेरीज देतं. पण तोच रकाना माऊसने निवडला, तर खालच्या पट्टीत फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज येते. एकाच शीटवर, एकाच वेळी, दोन वेगळे आकडे! फिल्टर लावून नेमकी दिसणाऱ्या ओळींचीच बेरीज हवी असेल तर `SUBTOTAL(9,C2:C500)` वापरावं.

## 'पण कॉम्प्युटर तर चुकत नाही ना?'

बेरजेत चुकत नाही. पण बेरजेला काय घ्यायचं हे माणसाने सांगितलेलं असतं, आणि तिथली चूक कॉम्प्युटर दर रिफ्रेशला इमानदारीने करत राहतो.

आपल्या कंपनीत एका डीलरचं २६,४०० रुपयांचं बिल होतं. त्याने पैसे दोन हप्त्यांत भरले. डॅशबोर्ड बिलांची यादी आणि पैसे जमा झाल्याची यादी बिल क्रमांकावरून एकमेकांना जोडतो. पहिल्या यादीत त्या बिलाची एक ओळ, दुसरीत दोन. जोडल्यावर दोन ओळी तयार होतात आणि दोन्हींवर बिलाची पूर्ण रक्कम, २६,४००, छापली जाते. बेरीज केली की त्या एका बिलाचे ५२,८०० होतात. विक्री २६,४०० ने फुगली. हप्त्यांत पैसे देणारे डीलर वाढतील तशी ही सूज वाढत जाईल, आणि ती विक्रीतली वाढ म्हणून कौतुकाने मीटिंगमध्ये दाखवली जाईल. डॅशबोर्डच्या चुकांमध्ये मला ही सगळ्यात घातक वाटते, कारण आकडा वाढलेला दिसला की कुणी शंका घेत नाही.

दुसरी चूक घड्याळाची. वेबसाइटची नोंद अनेकदा जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये साठवली जाते. भारताचं घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. १ एप्रिलला पहाटे २ वाजता कुणी मिक्सर घेतला, तर यूटीसीप्रमाणे ती वेळ ३१ मार्च, रात्री ८.३० अशी होते. डॅशबोर्डने वेळ भारतीय करून घेतली नसेल, तर ही विक्री मार्चमध्ये जाते. आपल्याकडे १ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची ११,२०० रुपयांची विक्री अशी मार्चमध्ये घुसली, आणि १ मार्चच्या पहाटेची ८,७०० रुपयांची विक्री फेब्रुवारीत गेली. मार्च २,५०० रुपयांनी फुगला. रक्कम किरकोळ आहे, पण रात्री जाग्या गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या धंद्यात, उदाहरणार्थ घरपोच जेवणाच्या, ती किरकोळ राहणार नाही.

आणि स्वयंचलित व्यवस्था गप्प राहून किती मोठी चूक करू शकते, याचं खरं उदाहरण इंग्लंडमध्ये घडलं. २०२० च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत प्रयोगशाळांचे अहवाल आपोआप एकत्र केले जात होते, पण वाटेत एक टप्पा एक्सेलच्या जुन्या .xls फाइलचा होता. त्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. मर्यादा ओलांडल्यावर पुढच्या नोंदी गळल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. आकडे मात्र रोज वेळेवर प्रसिद्ध होत होते.

## आता हिशोब जुळवू

आतापर्यंतचं सगळं एका पत्रकात मांडलं की असं दिसतं:

| कारण | रुपये |
|---|---|
| शीटची बेरीज | २४,८६,५०० |
| ऑर्डर मार्चमध्ये, बिल एप्रिलमध्ये | − १,८४,००० |
| ऑर्डर फेब्रुवारीत, बिल मार्चमध्ये | + ६२,००० |
| कोल्हापूरच्या रकमांतला जीएसटी | − ९०,००० |
| क्रेडिट नोट | − ४७,५०० |
| मजकूर झालेल्या तीन रकमा | + ३८,६०० |
| **बिलाप्रमाणे, कर वगळून, परत आलेला माल वजा जाता खरी विक्री** | **२२,६५,६००** |
| दोनदा मोजलेलं बिल | + २६,४०० |
| यूटीसीचा घोळ | + २,५०० |
| डॅशबोर्डचा आकडा | २२,९४,५०० |

मधली ठळक ओळ पाहा. 'मार्चमध्ये बिल झालेली, कर वगळून, परत आलेला माल वजा जाता विक्री' ही व्याख्या सगळ्यांना मान्य असेल, तर तिचं उत्तर २२,६५,६०० आहे. ते शीटवरही नव्हतं आणि डॅशबोर्डवरही नव्हतं. मीटिंगमध्ये कुठल्याही बाजूने मतदान केलं असतं तरी वरिष्ठांना चुकीचाच आकडा गेला असता.

## 'फरक दोन-पाच हजारांचाच असेल तर सोडून द्यायचा का?'

पत्रकातल्या दोन ओळी पुन्हा बघा. क्रेडिट नोटने ४७,५०० कमी केले, मजकूर झालेल्या रकमांनी ३८,६०० वाढवले. फक्त ही दोनच कारणं असती तर एकूण फरक ८,९०० रुपयांचा दिसला असता आणि 'एवढं चालायचंच' म्हणून सोडून दिला गेला असता. प्रत्यक्षात त्याखाली ८६,१०० रुपयांच्या दोन विरुद्ध दिशेच्या गोष्टी दडलेल्या आहेत. पुढच्या महिन्यात परतीचा माल वाढला आणि कॉपी-पेस्टच्या चुका घटल्या, की तोच फरक अचानक लाखावर जाईल.

म्हणून एकूण बेरीज जवळ आली एवढ्यावर समाधान मानू नये. ती तंतोतंत जुळली तरीही नाही. जुळवणी नेहमी बिल क्रमांकाच्या पातळीवर करावी. डॅशबोर्डच्या मागची यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्या (बहुतेक डॅशबोर्डवर ही सोय असते) आणि ती त्याच फाइलमध्ये Dashboard नावाच्या दुसऱ्या पानावर ठेवा. दोन्हीकडे बिल क्रमांक A रकान्यात असेल, तर शीटच्या प्रत्येक ओळीसमोर हे सूत्र ओढत न्या:

```
=COUNTIF(Dashboard!A:A, A2)
```

१ आलं तर बिल दोन्हीकडे एकेकदा आहे. अशा बिलांच्या फक्त रकमा ताडून पाहायच्या. ० आलं तर ते डॅशबोर्डमध्ये नाही; तारखेचा किंवा रिफ्रेशचा प्रश्न. २ आलं तर ते तिथे दोनदा मोजलं गेलंय. मग हेच उलट बाजूनेही करा, म्हणजे डॅशबोर्डमध्ये आहेत पण शीटमध्ये नाहीत अशी बिलं सापडतील. काही शे ओळींची यादी असेल तर अर्ध्या दिवसात होणारं काम आहे, आणि पहिल्यांदाच एवढा वेळ लागतो. कारणं एकदा कळली की पुढच्या महिन्यांत त्याच जागा आधी बघायच्या असतात.

यात एक अडचण येऊ शकते. शीटमध्ये बिल क्रमांकाचा रकानाच नसेल, फक्त डीलर आणि रक्कम असेल, तर अशी जुळवणी खात्रीने होत नाही. एकाच डीलरच्या दोन सारख्या रकमा कशा ओळखणार? मग शीटमध्ये आधी तो रकाना वाढवणं हेच पहिलं काम.

## 'ओळींची बेरीज केली तर खालचा एकूण आकडाच येत नाही!'

हा आक्षेप फार वेळा येतो. डॅशबोर्डवर 'माल घेतलेले डीलर' असं कोष्टक आहे: जानेवारी ४०, फेब्रुवारी ४२, मार्च ४५. एकूणच्या ओळीत मात्र ५८. मॅनेजर कॅल्क्युलेटरवर बेरीज करतात, १२७ येतात, आणि डॅशबोर्डवरचा विश्वास तिथेच उडतो.

इथे डॅशबोर्ड बरोबर आहे. सांगलीच्या एका डीलरने तिन्ही महिन्यांत माल घेतला असेल तर तो प्रत्येक महिन्यात मोजला जातो, पण तिमाहीत तो एकच डीलर आहे. १२७ डीलर कंपनीकडे मुळात नाहीतच. रुपयांची बेरीज होते, वेगवेगळ्या माणसांच्या मोजणीची होत नाही. सरासरी आणि टक्केवारीलाही हेच लागू आहे: चार शाखांच्या सरासरी बिलांची सरासरी काढली तर कंपनीचं सरासरी बिल मिळत नाही, कारण एका शाखेची बिलं ३० आणि दुसरीची ३०० असतात. एकूण रक्कम भागिले एकूण बिलं, हाच मार्ग.

## 'मार्चचा आकडा काल वेगळा होता, आज कसा बदलला?'

कारण मार्च कॅलेंडरमध्ये संपला, पण वहीत संपला नव्हता. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये परवानगी असेल तर मागच्या तारखेची नोंद टाकता येते. ५ एप्रिलला कुणी ३१ मार्चच्या तारखेने बिल टाकलं किंवा जुनं बिल रद्द केलं, की पुढच्या रिफ्रेशला डॅशबोर्डचा मार्च बदलतो. शीटची प्रिंट मात्र १ एप्रिललाच निघालेली असते, ती तशीच राहते. मग दोघांत पडलेला फरक मोजणीचा नसून, दोन वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या चित्रांचा असतो.

यावरचा उपाय म्हणजे महिना बंद करायची तारीख ठरवणं. जीएसटीचं दर महिन्याला भरायचं जीएसटीआर-१ विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यायचं असतं, त्यामुळे विक्रीची बिलं तोवर अकाउंट्सने तपासलेलीच असतात. विवरणपत्र भरलं की त्या दिवशीचा मार्चचा आकडा डॅशबोर्डमध्ये वेगळा गोठवून ठेवावा आणि सॉफ्टवेअरमध्ये मार्चच्या तारखेने नोंद टाकायची परवानगी काढून घ्यावी.

## 'मग डॅशबोर्डचा आकडा शीटशी जुळवून द्या ना!'

ही मागणी चांगल्या हेतूने होते, पण तिचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. जुळवून देणं तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपं आहे: 'इतर समायोजन' नावाची एक ओळ घाला, तिच्यात १,९२,००० टाका, झालं. पण मग कोल्हापूरचा कर विक्रीत राहील, हप्त्यांचं बिल दोनदा मोजलं जात राहील, आणि पुढच्या महिन्यात ती ओळ काय आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. कारण न लिहिलेली समायोजनाची ओळ डॅशबोर्ड बनवणाऱ्याने टाकू नये आणि मॅनेजरने मागू नये.

त्याऐवजी मॅनेजरने अशा निर्णयांवर सही द्यावी, जे तंत्रज्ञ घेऊच शकत नाहीत. विक्री ऑर्डरच्या तारखेने मोजायची की बिलाच्या? परत आलेला माल कोणत्या महिन्यातून वजा करायचा? सेल्सच्या इन्सेंटिव्हसाठी ऑर्डरचा आकडा लागणारच असेल, तर तोही डॅशबोर्डवर असू द्यावा, पण वेगळ्या नावाने: एक 'मिळालेल्या ऑर्डर' आणि दुसरा 'बिल झालेली निव्वळ विक्री'. आपल्या उदाहरणात टीमची बरीचशी ओढाताण याच दोन आकड्यांना एक नाव दिल्यामुळे झाली होती.

## मग शीट बंद करायची का?

लगेच नको. डॅशबोर्डमध्ये बिल दोनदा मोजलं जातंय हे शीट नसती तर कळलंच नसतं. नियम ठरल्यावर आणि दोन्हीकडच्या चुका दुरुस्त झाल्यावर किमान तीन महिने दोन्ही समांतर चालू ठेवावीत, आणि दर महिन्याला वरच्यासारखं पत्रक करावं. पत्रकातला न समजलेला फरक शून्यावर आला आणि तिथेच राहिला, की हाताने भरणं थांबवता येतं. त्यानंतरही महिन्यातून एकदा डॅशबोर्डची एकूण विक्री बिलिंग सॉफ्टवेअरच्या विक्री खात्याशी आणि भरलेल्या जीएसटीआर-१ शी ताडून पाहावी, कारण हे दोन आकडे डॅशबोर्डवाल्याने तयार केलेले नसतात.

डॅशबोर्डवर प्रत्येक मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात एक ओळ हवी. आपल्या कंपनीसाठी ती अशी असेल: 'बिलाच्या तारखेप्रमाणे, भारतीय वेळ, जीएसटी वगळून, क्रेडिट नोट वजा करून, शेवटचा रिफ्रेश आज सकाळी ८.००'.